लोडवर मोटर तापते, पण अँपियर तर बरोबर आहेत: गिरणीतल्या नव्या अप्रेंटिससाठी

मोटर तापते अशी तक्रार आली की पहिला हात पंख्याच्या जाळीकडे जातो आणि दुसरी नजर पॅनलवरच्या अँमीटरकडे. जाळी साफ निघाली आणि काटा नेमप्लेटवरच्या आकड्याच्या आत दिसला की पुढचा निकाल ठरलेला: "मोटर जुनी झाली, रिवायंडिंगला टाका." हा निकाल देण्याआधी आणखी दोन आकडे घ्यायचे असतात आणि ते घ्यायला पाऊण तासही लागत नाही. ते कुठले, कसे घ्यायचे आणि त्यांतून काय कळतं, हे इचलकरंजी भागातल्या एका सूतगिरणीतल्या प्रकरणावरून सांगतो. आयटीआय करून नुकताच रुजू झालेला एक अप्रेंटिस त्यात होता. त्याला शिकवणारे वायरमन म्हणजे सगळ्या खात्याचे मामा.

मोटर होती सूत कातणाऱ्या रिंग फ्रेमची. नेमप्लेटवर लिहिलेलं: ३७ किलोवॅट, म्हणजे बोलीत पन्नासची मोटर; ४१५ व्होल्ट, डेल्टा, ६५ अँपियर, १४७५ आरपीएम, ५० हर्ट्झ. सुरू करायला स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे मोटर आधी स्टारमध्ये उचलून मग डेल्टात नेणारा. रिकामी फिरवली तर थंड. डॉफ होऊन, म्हणजे भरलेल्या बॉबिन उतरवून, नव्या बॉबिन चढल्या की पहिला अर्धा तास ठीक, पण बॉबिन भरत आल्या की अंगाला हात लावता येत नव्हता. रिंग फ्रेमवर हे लक्षात ठेवायचं: बॉबिनवर सूत चढत जातं तसा लोड वाढत जातो. म्हणून मोटरचं कुठलंही माप डॉफच्या शेवटी घ्यायचं, सुरुवातीला घेतलेलं माप फसवतं.

आधी तापमान मोजा, हात लावून ठरवू नका

हात साधारण ६० अंशांलाच मागे येतो. बंद बांधणीच्या मोटरचं अंग पूर्ण लोडवर ७० च्या आसपास असणं ही काही तक्रार नव्हे. त्यामुळे "हात लागत नाही" या वाक्यावरून काहीच ठरत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, अंगावरच्या पंखांच्या मधोमध, रंग असलेल्या जागी धरा. चकचकीत धातूवर धरला तर तो कमीच दाखवतो.

दुसरं, एकट्या मोटरचं माप घेऊ नका. तोच काउंट चालवणारी, तितकाच डॉफ भरलेली शेजारची फ्रेम शोधा आणि तिचंही घ्या. आपल्या पोरानं घेतलं तेव्हा शेजारची ६३ अंश दाखवत होती आणि ही ८८. खात्यातली हवा दोघींना सारखीच, ३४ अंश. म्हणजे तक्रार खरी होती. अंग ८८ असेल तर आतलं वाइंडिंग त्याहून बरंच वर असतं, आणि इन्सुलेशनचा ढोबळ हिशेब असा की दर १० अंश जादा तापमानाला त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. मोटर आज जळत नाही म्हणून उद्यावर ढकलायची गोष्ट ही नव्हे.

मग रुई काढा, पण तिथेच थांबू नका

गिरणीत मोटर तापण्याचं पहिलं कारण उडणारी रुईच असते. पंख्याच्या जाळीवर तिची गादी बसते, अंगावरच्या पंखांमध्ये तेलकट थर धरतो आणि हवा फिरायची थांबते. डॉफला फ्रेम थांबली की आयसोलेटर बंद करा, कुलूप आणि पाटी लावा, जाळी सोडवून ब्रशनं साफ करा. कॉम्प्रेसरची हवा मारायची असेल तर बाहेरच्या दिशेनं मारा, नाहीतर तीच रुई बेअरिंगच्या तोंडाशी जाऊन बसते. पंखा शाफ्टवर सैल झालाय का, एखादं पान तुटलंय का, तेही तेव्हाच बघून घ्या.

इथे जाळी पाव भरलेली होती. साफ केली. पुढच्या डॉफच्या शेवटी तापमान ८८ वरून ८४ झालं.

"मामा, अजून तापतीयच की."

"चार अंश गेलं न्हवं? तेवढंच रुईचं होतं. बाकीचं कशाचं, ते शोध आता."

काम करताना हा हिशेब ठेवायची सवय लावून घ्या. एक दुरुस्ती केली की तिनं किती अंश कमी केले ते लिहून ठेवायचं. साफसफाईनं थोडाफार फरक पडला की लोक समाधान मानतात आणि मूळ दोष तसाच राहतो.

तिन्ही फेजचं मोजा

पॅनलवरचं अँमीटर बहुतेक वेळा एकाच फेजचं असतं. त्याच्या भरवशावर राहू नका, वायरीभोवती धरून करंट मोजणारा टाँग टेस्टर घेऊन आर, वाय, बी तिन्हीचं माप घ्या. पॅनल उघडून चालू स्थितीत माप घेणं हे अधिकृत वायरमनचं काम आहे. अप्रेंटिसनं शेजारी उभं राहून आकडे लिहायचे. रबरी चटई, हातमोजे, मनगटावर घड्याळ किंवा कडं नको.

इथले आकडे असे आले: करंट ४६, ४७, ४५ अँपियर. व्होल्टेज ४११, ४१३, ४१०. दोन्ही जवळजवळ सारखे. म्हणजे एक फेज गेलेली नाही, व्होल्टेजचा तोल बिघडलेला नाही, दाबही कमी नाही. इथे फेजा-फेजांत मोठा फरक आला असता तर वाट वेगळी होती, त्याबद्दल शेवटी सांगतो.

आता पोरासमोर कोडं उभं राहिलं. नेमप्लेट म्हणते ६५, मोटर घेते ४६. लोड सत्तर टक्क्यांच्या आसपास. ओव्हरलोड रिले ६२ वर लावलेला, तो ट्रिप होत नाही आणि त्याच्या हिशेबानं त्याचं बरोबरच आहे. शेजारच्या फ्रेमचा करंट मोजला तर तोही ४६-४७. सारखा करंट, सारखी मोटर, सारखी हवा आणि तापमानात वीस अंशांचा फरक. बेअरिंगवर संशय घेतला, पण दोन्ही टोकांच्या झाकणांचं तापमान मधल्या अंगापेक्षा कमी होतं. बेअरिंग दोषी असतं तर त्या टोकाला जास्त दाखवलं असतं. उष्णता मधल्या भागातून, म्हणजे वाइंडिंग आणि रोटरमधून येत होती.

इथपर्यंत बहुतेक जण पोचतात आणि इथेच मोटर सोडवून रिवायंडिंगवाल्याकडे पाठवतात. तो बिचारा इन्सुलेशन तपासायला मेगर लावतो, सगळं बरोबर दाखवतं, तरी बिल होतंच.

वेग मोजा: पहिला राहिलेला आकडा

सुगावा मिळाला तो मीटरवरून आधी नाही, फ्रेम सांभाळणाऱ्या साइडर बाईंकडून. त्या दोन-तीन दिवस म्हणत होत्या की या फ्रेमचा डॉफ चार-पाच मिनिटं उशिरा भरतो. कुणी मनावर घेतलं नव्हतं, कारण सूत चांगलं निघत होतं. तसं ते निघणारच होतं. स्पिंडल आणि पुढचा रोलर एकाच मोटरवर चालतात, मोटर हळू झाली की दोन्ही सारखेच हळू होतात, पीळ तोच राहतो. फक्त उत्पादन घटतं. त्यामुळे प्रयोगशाळेच्या कागदावर हा दोष कधीच दिसत नाही. तो उत्पादन मोजणाऱ्या हँक मीटरवर दिसतो, नाहीतर साइडरच्या बोलण्यात.

मामांनी टॅकोमीटर आणायला सांगितला. फ्रेम थांबलेली असताना पुलीवर चमकणाऱ्या टेपचा लहान तुकडा चिकटवायचा, गार्ड परत लावायचा, फ्रेम सुरू करून डॉफच्या शेवटी गार्डच्या जाळीतून बिनस्पर्शी टॅकोमीटर धरायचा. गार्ड काढून फिरत्या पट्ट्याजवळ वाकू नका, बाहीचं एक टोक पुरतं.

आकडा आला १४३८.

चार पोलच्या मोटरचं फिरतं चुंबकक्षेत्र ५० हर्ट्झला मिनिटाला १५०० फेरे घेतं. रोटर त्याच्या थोडा मागे राहतो, त्या मागे राहण्याला स्लिप म्हणतात. नेमप्लेट १४७५ म्हणते, म्हणजे पूर्ण लोडवर ही मोटर २५ फेरे मागे राहते. सत्तर टक्के लोडवर ती आणखी कमी, सतरा-अठरा फेरेच मागे राहायला हवी. शेजारचीवर टॅकोमीटर धरला तर १४८३ दिसले. ही मात्र ६२ फेरे मागे पडत होती. पूर्ण लोडपेक्षाही जास्त स्लिप, आणि लोड तर पूर्ण नाही.

रोटरमधली उष्णता या मागे राहण्यातूनच होते आणि तिचा हिशेब सोपा आहे. हवेच्या फटीतून रोटरला जितकी ताकद मिळते, तिच्यातला स्लिपइतका हिस्सा रोटर नुसता तापवण्यात जातो. सत्तर टक्के लोडवर साधारण २६ किलोवॅट रोटरकडे जातात असं धरा:

```
शेजारची:  17 / 1500 × 26000 W ≈  300 W
आपली:     62 / 1500 × 26000 W ≈ 1075 W
```

एकाच लोडवर रोटरमध्ये साडेतीनपट उष्णता. म्हणजे मोटर अशक्त झाली होती. लोड तोच, पण तो ओढायला तिचं क्षेत्र कमी पडत होतं. व्होल्टेज तर पॅनलवर पूर्ण ४११ होतं. मग वाइंडिंगला तितकं मिळतंय का?

लाइनचा करंट आणि वाइंडिंगचा करंट: दुसरा राहिलेला आकडा

आता टाँग टेस्टर नेमका कुठे लावता याला महत्त्व आहे. स्टार-डेल्टा स्टार्टरमधून मोटरकडे सहा वायरी जातात: यू-१, व्ही-१, डब्ल्यू-१ आणि यू-२, व्ही-२, डब्ल्यू-२. मोटर डेल्टात चालत असेल तर येणाऱ्या लाइनचा करंट दोन वाइंडिंगमध्ये वाटला जातो आणि या सहांपैकी प्रत्येक वायरीत लाइनच्या करंटला १.७३ नं भागून येईल इतकाच करंट असतो. स्टारमध्ये असेल तर लाइनमधला सगळा करंट सरळ वाइंडिंगमधून जातो.

मामांनी आधी टेस्टर आयसोलेटरकडून येणाऱ्या वायरीवर लावला, मेन आणि डेल्टा काँटॅक्टरच्या फाट्याच्या अलीकडे: ४६. मग मोटरकडे जाणाऱ्या यू-१ वर लावला.

"किती?"

"शेचाळीसच."

"आणि शेजारच्या पॅनलला?"

पोरानं तिकडे जाऊन वही बघितली. लाइन ४६, यू-१ वर २७.

तिथे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. नेमप्लेटवरचे ६५ अँपियर हे डेल्टातले, लाइनचे. तेव्हा वाइंडिंगच्या तारेतून साडेसदतीसच वाहतात आणि तार तेवढ्यासाठीच निवडलेली असते. इथे तिच्यातून ४६ वाहत होते. अँमीटर सत्तर टक्के दाखवत असताना तार बावीस-तेवीस टक्के ओव्हरलोड होती. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे पूर्ण लोडवर तांब्यात जितकी उष्णता व्हायला हवी त्याच्या दीडपट. शेजारच्या मोटरशी तुलना केली तर ४६ आणि २७, म्हणजे जवळजवळ तिप्पट.

लाइनचा करंट दोन्हींचा सारखा का, हेही समजून घ्या, कारण फसगत इथेच होते. फ्रेमला लागणारी ताकद तीच, लाइनचं व्होल्टेज तेच, मग लाइनमधून येणारा करंटही जवळपास तोच. मोटर आतून स्टार जोडलीय की डेल्टा, हे पॅनलवरचं अँमीटर सांगू शकत नाही. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला ४१५ ऐवजी २४० व्होल्ट मिळतात आणि मोटरची ओढण्याची कमाल ताकद एक तृतीयांशावर येते. म्हणून ती मागे पडत होती.

रिकामी फिरताना ती थंड का राहायची याचंही उत्तर यातच आहे. हलक्या लोडवर स्टारमध्ये चालणं मोटरला मानवतं. लोखंडातला तोटा कमी होतो, आणि कायम कमी लोडवर चालणाऱ्या मोटरी काही ठिकाणी वीज वाचवायला मुद्दाम स्टारमध्ये ठेवतात. लोड साधारण साठ टक्क्यांच्या आसपास गेला की तारेची मर्यादा ओलांडली जाते. ही फ्रेम डॉफच्या सुरुवातीला त्या रेषेच्या खाली आणि शेवटी वर असायची.

स्टारमध्येच का अडकली

इथून पुढचं काम चटकन झालं. स्टार्टर बरोबर असेल तर सुरू करताना दोन वेळा आवाज येतो. बटण दाबल्यावर मेन आणि स्टार काँटॅक्टर ओढले जातात तेव्हा एक "खट", आणि टायमर भरला की स्टार सुटून डेल्टा बसतो तेव्हा "खट-खट". या पॅनलमधून दुसरा आवाज येतच नव्हता. खात्याच्या गोंगाटात तो कुणाला ऐकू आला नसणार, पण पॅनलचं दार उघडल्यावर दिसत होतं: दहा मिनिटांनीही स्टारचा काँटॅक्टर आत ओढलेला, डेल्टाचा मोकळा.

डॉफला फ्रेम थांबवून, आयसोलेटरला कुलूप लावून, टेस्टरनं वीज नसल्याची खात्री करून तपासलं. या ठिकाणी दोन शक्यता असतात. एक, स्टार काँटॅक्टरचे स्वतःचेच पॉइंट चिकटलेले. कॉइलला वीज नसताना त्याच्या पोलांवर कंटिन्युइटी लावली की कळतं. इथे ते मोकळे होते. दुसरी, टायमरमधल्या रिलेचा स्टारकडचा पॉइंट चिकटलेला, त्यामुळे वेळ भरली तरी स्टारची कॉइल सुटत नाही. इंटरलॉकमुळे स्टार सुटल्याशिवाय डेल्टा येऊ शकत नाही आणि तो यायलाही नको, दोन्ही एकदम लागले तर तिन्ही फेज थेट शॉर्ट होतात. दोष टायमरचाच निघाला. टायमर बदलला, वेळ आठ सेकंद लावली.

हा टायमर लावताना शेजारच्या पॅनलचा आकडा नुसता उतरवून घेऊ नका. मोटर स्टारमध्ये जितका वेग घेऊ शकते तितका घेऊन झाल्यावर बदल व्हायला हवा. अँमीटरचा काटा सुरुवातीला उसळतो आणि खाली येऊन स्थिरावतो, त्यानंतर एखाद्या सेकंदात बदल झाला की बरोबर. फार लवकर झाला तर डेल्टात जाताना मोठा झटका बसतो आणि रिंग फ्रेमवर त्याची किंमत तुटलेल्या धाग्यांत मोजावी लागते.

पुढच्या डॉफच्या शेवटी आकडे आले: लाइन ४६, यू-१ वर २७, वेग १४८३, अंग ६४ अंश. शेजारणीच्या बरोबरीला.

रिले कुठे बसलाय ते बघा

राहिला एक प्रश्न. इतके दिवस ओव्हरलोड रिले गप्प का होता? पॅनलची मागे कधीतरी दुरुस्ती झाली तेव्हा तो लाइनमध्ये बसवला होता आणि ६२ वर लावला होता. डेल्टात चालणाऱ्या मोटरसाठी हे चालतं, पण मोटर स्टारमध्ये अडकली तर अशा रिलेला काहीच कळत नाही. तोच रिले मोटरच्या वायरीवर, म्हणजे यू-१, व्ही-१, डब्ल्यू-१ च्या वाटेत बसवला तर त्याला वाइंडिंगचाच करंट दिसतो. मग सेटिंग नेमप्लेटच्या ०.५८ पट लावायची. ६५ चे साडेसदतीस-अडतीस होतात. तसा असता तर ४६ वर तो ट्रिप झाला असता.

आपल्या खात्यातले स्टार्टर असे एकेक बघून घ्या. रिले कुठे आहे आणि आकडा कितीवर आहे, दोन्ही जुळले पाहिजेत. मोटरच्या वायरीवरच्या रिलेला कुणी पूर्ण ६५ वर लावलेलं असतं, मग तो असून नसल्यासारखा. उलटं, लाइनमधला रिले अडतीसवर लावला की फ्रेम रोज ट्रिप होते आणि वैतागून कुणीतरी तो वाढवत नेतो.

आकडे वेगळे आले तर कुठे वळायचं, तेही थोडक्यात. यू-१ वर लाइनच्या १.७३ पट कमी करंट असेल आणि वेगही नीट असेल, तर मोटर डेल्टातच आहे, दोष हवेत किंवा बेअरिंगमध्ये शोधा. तिन्ही फेजचे करंट एकमेकांपासून दहा टक्क्यांहून जास्त लांब असतील, तर आधी मोटरच्या टर्मिनलवर तिन्ही व्होल्टेज मोजा. व्होल्टेजमध्ये तीन टक्क्यांचा फरकही करंटमध्ये त्याच्या कितीतरी पट होऊन दिसतो, आणि त्याचं मूळ बऱ्याचदा खात्याबाहेर, एका फेजवर लादलेल्या दिव्यांच्या लोडमध्ये सापडतं. व्होल्टेज सारखं असून करंट वेगळे असतील तर वाइंडिंगवर संशय घ्यायला जागा आहे. वेग कमी, लाइनचा करंटच नेमप्लेटच्या वर आणि मोटर डेल्टात, असं असेल तर लोडच जास्त आहे: ताणलेला पट्टा, कोरडे स्पिंडल, चुकीचा ट्रॅव्हलर. फ्रेम इन्व्हर्टरवर असेल तर हा टॅकोमीटरचा हिशेब १५०० वरून करू नका. इन्व्हर्टर त्या क्षणी जितके हर्ट्झ देतोय त्याला ३० नं गुणा आणि येईल त्या आकड्यातून मोजलेला वेग वजा करा.